साडेनऊ वर्षांची सीमारेषा : भविष्यनिर्वाह निधीतील पेन्शन आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडणारा कामगार

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री व मशीन शॉपमध्ये काम करणारा कामगार एकाच कारखान्यात आयुष्यभर टिकतो असे नाही. पाच वर्षे एका ठिकाणी, तीन वर्षे दुसऱ्या ठिकाणी, मध्ये काही महिने घरी, असे त्याच्या नोकरीचे स्वरूप असते. प्रत्येक वेळी नोकरी सुटली, की भविष्यनिर्वाह निधीबरोबर ‘पेन्शनची रक्कम’ही काढून घ्यावी की तशीच ठेवावी, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांच्या एका अटीशी बांधलेले आहे.

कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून १२ टक्के रक्कम कापली जाते आणि ती पूर्णपणे त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत जमा होते. मालकही सर्वसाधारणपणे १२ टक्के भरतो; परंतु त्यातील ८.३३ टक्के रक्कम कर्मचारी पेन्शन योजना १९९५ कडे वळते आणि उरलेली ३.६७ टक्के निधीत जाते. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. १ सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठी वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये ठरवण्यात आली. त्यामुळे मालकाच्या हिश्शातून महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये पेन्शनकडे जातात. त्या तारखेनंतर प्रथमच नोकरीला लागलेल्या आणि वेतन १५ हजारांहून अधिक असलेल्या कर्मचाऱ्याला ही पेन्शन योजना लागू होत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचा पूर्ण हिस्सा निधीतच जमा होतो.

येथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. निधी हे कामगाराचे स्वतःचे, व्याज मिळवणारे खाते आहे. पेन्शनचा पैसा मात्र सामाईक निधीत जातो. त्यावर कोणाच्याही नावे व्याज जमा होत नाही. हक्क ठरतो तो सेवेची वर्षे आणि वेतन यांवरून. म्हणूनच नोकरी बदलताना खाते वर्ग केले, की नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात आधीच्या नोकरीचे शून्य दिसते आणि कामगार घाबरतो. प्रत्यक्षात काही बुडालेले नसते. पेन्शनच्या बाबतीत वर्ग होते ती सेवा, रक्कम नव्हे.

मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची पात्र सेवा लागते. मात्र ही सेवा मोजताना सहा महिने वा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो आणि सहा महिन्यांहून कमी काळ सोडून दिला जातो. म्हणजेच एकूण सेवा साडेनऊ वर्षे भरली, की दहा वर्षांची अट पूर्ण होते. पाच महिने कमी पडले म्हणून घाईने पैसे काढणाऱ्या कामगाराने आधी हा हिशेब करावा. ही सेवा एकाच मालकाकडची असावी लागत नाही.

अट पूर्ण झाल्यावर पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर नोकरीत नसलेल्या सदस्याला ती आधीही घेता येते. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितके वर्षाला ४ टक्के कमी करून. दहा वर्षे पूर्ण झालेल्या आणि पन्नाशी न गाठलेल्या कामगाराला पेन्शनची रक्कम रोख काढता येत नाही. त्याला स्कीम सर्टिफिकेट घ्यावे लागते.

दहा वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्यासमोर दोन मार्ग असतात आणि दोन्हींसाठी फॉर्म १०-सी भरावा लागतो. पहिला मार्ग स्कीम सर्टिफिकेटचा. त्यात आजवरची सेवा नोंदवली जाते आणि पुढील नोकरीतील सेवेत ती मिळवली जाते. दुसरा मार्ग रक्कम काढून घेण्याचा. ही रक्कम जमा झालेल्या वर्गणीइतकी नसते; ती नोकरी सोडतानाचे वेतन आणि योजनेतील तक्ता ‘ड’ मधील गुणक यांच्या गुणाकाराने ठरते. एका वर्षाला १.०२, तीन वर्षांना २.९८, सहा वर्षांना ६.०७ आणि नऊ वर्षांना ९.३३ असे हे गुणक आहेत. जून २०२४ मधील दुरुस्तीपर्यंत फक्त पूर्ण वर्षांचा विचार होत असे आणि सहा महिन्यांहून कमी सेवेला काहीच मिळत नसे. आता पूर्ण झालेला प्रत्येक महिना मोजला जातो. १५ हजार वेतनावर दोन वर्षे पाच महिने काम केलेल्याला पूर्वी २९,८५० रुपये मिळत; दुरुस्तीनंतर ३६ हजार मिळतात.

एक उदाहरण घेऊ. तिशीतील एक मोल्डर ऑक्टोबर २०१४ ते जुलै २०२० शिरोलीच्या फाउंड्रीत होता. शेवटचे वेतन १२ हजार. पुढे जानेवारी २०२१ ते ऑगस्ट २०२४ तो गोकुळ शिरगावात १५ हजारांवर होता. पहिली सेवा ५ वर्षे १० महिने, दुसरी ३ वर्षे ८ महिने. बेरीज नेमकी साडेनऊ वर्षे. त्याने पहिली सेवा वर्ग करून घेतली असेल, तर तो दहा वर्षांचा मानकरी ठरतो. शेवटच्या ६० महिन्यांच्या वेतनाची सरासरी १४,२०० रुपये येते. तिला दहाने गुणून ७० ने भागले, की ५८ व्या वर्षापासून महिना सुमारे २,०२९ रुपये पेन्शन निघते.

त्याने दोन्ही वेळा रक्कम काढली असती, तर २०२० मध्ये ६.०७ गुणकाने ७२,८४० रुपये आणि दुसऱ्या वेळी साधारण ५५ हजार, असे सुमारे १ लाख २८ हजार हाती आले असते. ही सव्वापाच वर्षांची पेन्शन झाली. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच रक्कम अठरा वर्षे ७ टक्के व्याजाने अस्पर्श राहिली, तर ती सव्वाचार लाखांपुढे जाते आणि तिचे वार्षिक व्याज ३० हजारांच्या घरात असते. पेन्शन वर्षाला सुमारे २४,३०० रुपये आणि महागाईनुसार न वाढणारी. रक्कम अस्पर्श राहील काय, हाच खरा प्रश्न आहे.

पेन्शनच्या पारड्यात आणखी दोन गोष्टी पडतात. पुढील नोकरीचे प्रत्येक वर्ष तिच्यात भर घालते. रक्कम काढणाऱ्याची मोजणी मात्र शून्यापासून सुरू होते. दुसरे म्हणजे, दहा वर्षे पूर्ण केलेला सदस्य नोकरीत नसताना ५८ पूर्वी मरण पावला, तरी त्याच्या पत्नीला पेन्शन मिळते. नोकरीत असताना मृत्यू आल्यास दहा वर्षांची अट मुळीच लागू नाही. एका महिन्याची वर्गणी पुरेशी ठरते. नोकरीत असताना आलेल्या कायमच्या पूर्ण अपंगत्वालाही हाच नियम आहे.

अडचणी येतात त्या बहुधा नोंदींमुळे. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते, ठेकेदार बदलताना दुसराच यूएएन क्रमांक काढलेला असतो किंवा जन्मतारीख जुळत नाही. बिनपगारी काळ पेन्शनच्या हिशेबातून वजा होतो, हेही पाहावे. या दुरुस्त्या मालक चालू असतानाच करून घेणे सोपे असते. बंद पडलेल्या कारखान्याची नोंद सुधारण्यासाठी भविष्यनिर्वाह निधीच्या कोल्हापूर कार्यालयात हजेरीपत्रक, वेतन चिठ्ठ्या यांसारखे पुरावे मांडावे लागतात.

रक्कम काढण्यासाठी पूर्वी दोन महिने बेकार असणे पुरेसे होते. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनच्या रकमेसाठी हा काळ ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला. अर्ज करण्यापूर्वी लागू असलेला काळ कार्यालयात विचारून घ्यावा. वय ५८ होऊनही दहा वर्षे भरली नसतील, तर मात्र सर्टिफिकेटचा मार्ग उरत नाही. तक्त्यानुसार रक्कम घेणे एवढेच शिल्लक राहते.