एकनाथांच्या संवादांतील दोन भाषा

सोळाव्या शतकांतील पैठणास दोन भाषा सारख्याच सवयीच्या होत्या. १३२७ सालीं महंमद तुघलकानें दौलताबादेस राजधानी केली, तेव्हां लोकांबरोबर उत्तरेची बोलीही आली, आणि या मातींत रुजतां रुजतां तिची दखनी झाली. पुढें निजामशाहीच्या अमलांत एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी याच दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते, असें परंपरा सांगते. एकनाथांनीं 'हिंदु-तुर्क संवाद' रचला तो असा रोजच्या ऐकण्यांतून.

या संवादांत तुर्क दखनींत हल्ला चढवितो व हिंदू मराठींत त्याला उत्तर देतो. मधें दुभाषी नाहीं. मग केवळ मराठी जाणणाऱ्या श्रोत्याचें काय होत असेल? त्याचें कांहींच अडत नाहीं, कारण भांडणाचे विषय त्याच्या डोळ्यांपुढचे आहेत : मूर्तिपूजा, नमाज, पश्चिमेकडे तोंड करणें. शिवाय एकाचा आक्षेप दुसऱ्याच्या उत्तरांत पुन्हां उमटतो. श्रोत्याचा एखादा शब्द सुटला, तरी अर्थ पुढच्या बोलण्यांत सांपडतो.

दखनीचेंही साहाय्य आहे. तिनें मराठीचा 'नको' उचलला, जोर देणारा 'च'ही उचलला. त्यामुळें कोठें एक भाषा संपली व दुसरी सुरू झाली, हें पुष्कळदां बोलणाऱ्यालाही कळत नाहीं.

एकच पात्र दोन्ही भाषा बोलूं लागलें, तरी हीच युक्ति चालते. शहागंजांतील एक कापडवाला कल्पावा. गिऱ्हाइकाशीं तो मराठींत बोलतो : "हा रंग जायचा नाहीं, बाई." मग नोकराकडे वळून हळूच म्हणतो, "बीस के नीचे नको जा रे." बाई लगेच विचारते, "विसाच्या खालीं कां बरें नाहीं? शेजारचा अठराला देतो." येथें भाषा बदलली ती ऐकणारा बदलला म्हणून. बाईच्या प्रश्नांत अर्थ उघडा झाला, आणि तिला दखनी कळते हेंही वाचकाला न सांगतां समजलें. दुकानदाराची फजिती झाली ती निराळीच!

येथें लेखकानें बाईला नुसतें "बरें" म्हणावयास लावलें असतें, तर विसाचा आंकडा कित्येक वाचकांच्या हातून निसटला असता. कंसांत भाषांतर दिलें असतें तर थट्टा मेली असती. परक्या ओळीवर बोट ठेवून पुढचें वाचावें. व्यवहार तरीही कळला, तर ओळ नीट बसली.

एका बाबतींत मात्र पुढच्या कित्येक नाटककारांहून एकनाथ सरस ठरतात. विनोदासाठीं मुसलमान पात्राच्या तोंडीं मोडकी भाषा घालण्याची खोड आपल्या रंगभूमीला फार आहे. एकनाथांचा तुर्क मोडकें बोलत नाहीं. तो आपल्या भाषेंत नेटानें वाद घालतो, म्हणूनच शेवटीं दोघे एकमेकांस आलिंगन देतात तें श्रोत्यास पटतें.