मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होते, पण कंबर दुखत नाही? कारण कदाचित पट्ट्याखाली असेल

दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग व्हायला लागते. मिरची चोळल्यासारखं चुरचुरतं, मुंग्या येतात आणि हात लावला तर तिथली कातडी बधिर लागते. पँटचं कापड नुसतं घासलं तरी नकोसं होतं. खाली बसलं की पाच-दहा मिनिटांत आराम पडतो. कंबर मात्र अजिबात दुखत नाही.

हे सगळं ओळखीचं वाटत असेल, तर त्यामागे बऱ्याचदा 'मेराल्जिया पॅरेस्थेटिका' नावाचा त्रास असतो. नाव अवघड असलं तरी अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत 'मेरॉस' म्हणजे मांडी आणि 'अल्गॉस' म्हणजे वेदना. हे नाव १८९५ साली रशियन न्यूरॉलॉजिस्ट व्लादिमिर रोथ यांनी दिलं. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉईड यांनी स्वतःला होणाऱ्या याच त्रासाबद्दल लेख लिहिला होता.

नेमकं काय दबतं?

कंबरेवर हात ठेवा आणि बोटं हाडाच्या कडेने पुढे सरकवा. पोटाच्या खाली, बाजूला एक टोकदार हाड बोटाला लागेल. या हाडापासून जांघेतून खाली एक मजबूत पट्टा जातो, त्याला इन्ग्वायनल लिगामेंट म्हणतात. टोकदार हाडाच्या अगदी जवळ, या पट्ट्याखालून एक बारीक नस मांडीत उतरते. तिचं नाव 'लॅटरल फिमोरल क्युटेनियस नर्व्ह'.

ही नस मणक्यातून, कंबरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याजवळून निघते. ओटीपोटाच्या आतून पुढे येते आणि पट्ट्याखालून जाताना एकदम खाली वळते. अरुंद जागा आणि त्यात वळण, त्यामुळे ती दबते ती बहुतेक वेळा इथेच.

या नसेचं काम एकच आहे. मांडीच्या बाहेरच्या आणि थोड्या पुढच्या कातडीला स्पर्श, गरम-गार आणि वेदना जाणवणं तिच्यावर अवलंबून असतं. कुठल्याही स्नायूला ती हलवत नाही. म्हणून ती दबली तर आग होते, बधिरपणा येतो, पण पायातली ताकद जात नाही. आजार ओळखण्याची सगळ्यात मोठी खूण हीच आहे.

उभं राहिल्यावरच का?

उभं राहताना आणि चालताना मांडी कंबरेच्या सरळ रेषेत येते किंवा किंचित मागे जाते. त्यामुळे जांघेतला पट्टा ताणला जातो आणि त्याखालची नसही ओढली जाते. बसलं की मांडी पुढे दुमडते, ताण सैल होतो आणि आग कमी होते. पाठीवर सरळ पाय करून झोपल्यावर काहींना त्रास होतो आणि गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, त्याचंही कारण हेच.

नस दबते कशामुळे?

सगळ्यात नेहमीची कारणं दोन. पहिलं, कंबरेवर घट्ट आवळलेली वस्तू: पोटाखाली बांधलेला चामडी पट्टा, लो-वेस्ट जीन्स, खूप खाली आणि कचकून बांधलेली परकराची नाडी, कमरेचा सपोर्ट बेल्ट, हत्यारं किंवा वॉकीटॉकी अडकवलेला ड्युटीचा पट्टा. दुसरं, वाढलेलं पोट. पोटाचा भार पुढे आणि खाली आला की पट्ट्यावरचा दाब वाढतो. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत होणारा त्रास याच प्रकारचा असतो आणि बाळंतपणानंतर तो बहुधा आपोआप जातो.

मधुमेह असेल तर नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यामुळे थोड्या दाबानेही त्रास सुरू होतो. याशिवाय खुब्याच्या किंवा ओटीपोटाच्या ऑपरेशननंतर, आणि पालथं झोपवून केलेल्या लांबलचक ऑपरेशननंतरही ही नस दुखावू शकते.

एक उदाहरण पाहू

समजा, ४४ वर्षांचे एक सिक्युरिटी गार्ड आहेत. बारा तासांची ड्युटी, त्यातला बराच वेळ उभं राहून. गेल्या दोन वर्षांत वजन ९ किलोने वाढलं, पण पट्टा त्याच भोकात अडकवायची सवय सुटली नाही. पट्टा पोटाखाली सरकला आहे आणि उजव्या बाजूला त्यावर मोबाईलचं जाड पाकीट अडकवलेलं असतं. तीन महिन्यांपासून उजव्या मांडीची बाहेरची बाजू जळते. ड्युटी संपून घरी बसलं की बरं वाटतं.

शेजारी सांगतात, 'सायटिका असेल.' मग कंबरेचा एमआरआय होतो आणि त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी सरकलेली दिसते. घरात भीती पसरते, ऑपरेशनची चर्चा सुरू होते.

इथे थांबून विचार करायला हवा. चाळिशीनंतर कसलाही त्रास नसलेल्या अनेक माणसांच्या एमआरआयमध्येही गादी थोडी सरकलेली दिसते. शिवाय चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी नस दबली तर दुखणं सहसा कुल्ह्यातून निघून गुडघ्याखाली, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलापर्यंत जातं. या गार्डची आग मात्र गुडघ्याच्या वरच थांबते. म्हणजे रिपोर्टमधली गादी खरी आहे, पण ती मांडीतल्या आगीचं कारण नाही.

डॉक्टर त्यांना पेन देतात आणि बधिर भागाची रेघ कातडीवरच काढायला सांगतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लांबट गोल आकार उमटतो. मांडीची आतली बाजू त्यात नाही, पोटरी नाही. त्या भागात कापसाचा स्पर्श पुसट जाणवतो. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली की पाय नेहमीसारखा उडतो. खुर्चीतून एका पायावर उठायला सांगितलं तर जमतं.

मग एक सोपी चाचणी. गार्डना डाव्या कुशीवर, म्हणजे दुखरी बाजू वर ठेवून झोपवतात. डॉक्टर कंबरेचं हाड वरून खाली साधारण ४५ सेकंद दाबून धरतात. या दाबाने जांघेतला पट्टा सैल होतो. तेवढ्या वेळात आग कमी झाली, तर नस पट्ट्यापाशीच दबली आहे याला बळ मिळतं. टोकदार हाडाच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर मांडीत झिणझिण्या गेल्या, तर तीही त्याच दिशेची खूण.

तरीही शंका राहिली तर त्या जागी भूल देणारं औषध टोचतात. काही मिनिटांत आग थांबली, तर निदान जवळजवळ पक्कं होतं. नसेचा वेग मोजणारी तपासणीही असते, पण पोट मोठं असेल तर तिचे आकडे नीट मिळत नाहीत. म्हणून ती प्रत्येकाला लागत नाही.

असाच वाटणारा, पण वेगळा त्रास

खुब्याच्या बाहेरच्या हाडावर बोटाने दाबलं की कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही, पण बधिरपणा नाही, असं असेल तर कारण बहुधा तिथल्या स्नायूबंधात असतं.

जिना उतरताना गुडघा अचानक लचकतो, मांडीतली ताकद कमी झाली आहे, असं असेल तर मांडीची मोठी नस किंवा मणका तपासावा लागतो.

चालल्यावर दोन्ही पाय जड होतात आणि पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं, असं असेल तर मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते. बसल्यावर आराम ही खूण दोन्हींत आहे, म्हणून फक्त तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

जळजळीनंतर त्याच पट्ट्यात पाण्याचे फोड आले, तर ती नागीण असते आणि तिचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालेलं चांगलं.

उपाय काय?

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. दाब काढला की काही आठवड्यांत ते काही महिन्यांत नस सावरते.

वरच्या उदाहरणातल्या गार्डनी पट्टा दोन भोकं सैल करायचा, जमल्यास गॅलिस वापरायची आणि मोबाईल शर्टच्या खिशात ठेवायचा. ड्युटीवर अधूनमधून पाच मिनिटं बसायचं. बसता येत नसेल तर दुखऱ्या बाजूचा पाय वीटभर उंचीच्या पायरीवर ठेवायचा, म्हणजे मांडी थोडी दुमडते. वजन हळूहळू उतरवायचं. मधुमेह आहे का, हे रक्त तपासून बघायचं. हे सगळं सहा ते आठ आठवडे नेमाने करून मग फरक मोजायचा: आधी किती मिनिटं उभं राहिल्यावर आग व्हायची आणि आता किती. आग आधी कमी होते, बधिरपणा जायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे कातडी अजून बधिर आहे म्हणून उपाय फसला, असं समजू नये.

आग सहन होत नसेल तर डॉक्टर नसांच्या दुखण्यावरची औषधं देतात, उदाहरणार्थ गाबापेन्टिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन. यांनी झोप आणि चक्कर येऊ शकते, म्हणून ती स्वतःहून घ्यायची नाहीत आणि अचानक बंदही करायची नाहीत. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा अशा आगीवर फारसा उपयोग होत नाही.

तरीही त्रास राहिला तर सोनोग्राफीत बघून नसेभोवती भूल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. अगदी शेवटी ऑपरेशन. त्यात नसेवरचा पट्टा मोकळा करतात किंवा नस कापतात. नस कापली तर आग थांबते, पण तो भाग कायमचा बधिर राहतो. हा सौदा आधी नीट समजून घ्यावा.

एक चूक मात्र घरोघरी होते. बधिर मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. तिथे गरमपणा कळत नाही आणि कातडी भाजते. शेक द्यायचाच असेल तर पिशवी आधी दुसऱ्या, चांगल्या मांडीवर लावून बघावी.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

पायातली ताकद कमी झाली, दोन्ही पाय बधिर झाले, बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. ही मांडीतली बारीक नस नव्हे, तर मणक्यातला मोठा दाब असू शकतो. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, ओटीपोटात हाताला लागणारी गाठ किंवा आधी झालेला कॅन्सर यांपैकी काही असेल, तरीही पट्टा सैल करून वाट बघत बसू नये. ओटीपोटात वाढणारी गाठही याच नसेला आतून दाबू शकते, आणि ती कंबरेच्या एमआरआयमध्ये दिसेलच असं नाही.