तेजी-मंदी: जुगार की कुंपण?

तेजी आणि मंदी हे शब्द तुम्ही बाजारभावाच्या बातम्यांत ऐकता. मुंबईच्या शेअरबाजारात मात्र त्यांना आणखी एक अर्थ होता. ठरल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क म्हणजे ‘तेजी’ आणि ठरल्या भावाने विकण्याचा हक्क म्हणजे ‘मंदी’. आज यांनाच कॉल आणि पुट म्हणतात. हक्क घेणारा आधी थोडे पैसे मोजतो. ते परत मिळत नाहीत. हक्क बजावायचा की सोडून द्यायचा, ही त्याची मर्जी. देणाऱ्याला मात्र शब्द पाळावाच लागतो.

ही रीत जुनी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरांवर ॲम्स्टरडॅममध्ये असे हक्क विकले जात. जोसेफ द ला वेगा याने १६८८ साली स्पॅनिश पुस्तकात त्यांचे वर्णन केले आणि त्यांनी तोटा बांधून ठेवता येतो, हेही सांगितले.

हे कसे, ते पाहू. तुमच्याकडे १०० रुपयांचा एक शेअर आहे. ३ रुपये देऊन तुम्ही तो ९५ ला विकण्याची मंदी घेतलीत. मुदतीत भाव ६० वर कोसळला, तरी तुम्ही ९५ ला विकणार. तोटा ५ अधिक ३, म्हणजे ८ रुपये. एरवी तो ४० झाला असता. भाव चढला, तर ते ३ रुपये गेले असे समजायचे. पिकाभोवती कुंपण घालायला खर्च येतो, तसाच हा. पण मुदत संपली की कुंपण उठते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

आता दुसरी रीत. ४ रुपये घेऊन तुम्ही ११० ची तेजी दुसऱ्याला विकलीत. भाव १४० झाला, तर घरातला शेअर ११० ला द्यायचा. १४ रुपये मिळाले, वरचे सुटले. भाव ६० झाला, तर तोटा ४० ऐवजी ३६. म्हणजे हे कुंपण बुटके आहे, मोठी पडझड ते अडवीत नाही. आणि शेअर जवळ नसतानाच तेजी विकली असेल तर? १४० ला घेऊन ११० ला द्यायचा. २६ रुपये अंगावर. भाव आणखी चढला, तर या तोट्याला सीमाच नाही.

व्यवहार तोच, पण एकाच्या हाती कुंपण आणि दुसऱ्याच्या हाती जुगार. १९५६ च्या कायद्याने तेजी, मंदी ही नावे घेऊन दोन्हींवर सरसकट बंदी घातली. ती १९९५ मध्ये उठली आणि २००१ मध्ये शेअरबाजारात हे व्यवहार रीतसर सुरू झाले.

तेव्हा कुणी असा व्यवहार सांगितला, तर एकच हिशेब करा. जेवढ्या शेअरांची तेजी विकली, तेवढे शेअर घरात आहेत का? हे हक्क ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यानेच विकले जातात. शेअर त्याहून कमी असतील, तर उरलेला भाग उघडाच राहिला. आणि तेजी विकलेली असताना मधेच शेअर विकून टाकलेत, तर त्याच दिवशी कुंपण गेले आणि जुगार उरला.