शततमक आणि प्रमाण गुण

शततमक आणि प्रमाण गुण या एखाद्या परीक्षेतील वा मानसशास्त्रीय चाचणीतील मूळ गुणांना तुलनेच्या आधारे अर्थ देणाऱ्या दोन सांख्यिकीय पद्धती आहेत. शततमकाला रूढ भाषेत पर्सेंटाइल आणि प्रमाण गुणाला झेड गुण असे म्हणतात. ज्या समूहाशी तुलना केली जाते त्या समूहास मानकगट म्हणतात. मूळ गुणांचे अशा तुलनात्मक गुणांत रूपांतर करण्याच्या प्रक्रियेला गुणांचे प्रमाणीकरण म्हणतात.

## मूळ गुणांची मर्यादा

मूळ गुण म्हणजे बरोबर उत्तरांची बेरीज. प्रश्न सोपे की अवघड, इतरांना किती गुण मिळाले, यांपैकी काहीही त्यावरून कळत नाही. शेकडेवारी काढल्यानेही ही उणीव भरून निघत नाही, कारण शेकडेवारीत तुलना प्रश्नपत्रिकेच्या एकूण गुणांशी होते, अन्य विद्यार्थ्यांशी नव्हे.

उदाहरणादाखल इयत्ता सातवीच्या एका विद्यार्थिनीला शब्दसंपत्तीच्या चाचणीत ६० पैकी ४२ आणि अंकगणिताच्या चाचणीत ५० पैकी ३१ गुण मिळाले असे मानू. शेकडेवारीनुसार ती शब्दसंपत्तीत (७० टक्के) अंकगणितापेक्षा (६२ टक्के) सरस दिसते. हा निष्कर्ष खरा आहे की नाही, हे मानकगटाची माहिती मिळाल्यावाचून ठरवता येत नाही.

## प्रमाण गुण

प्रमाण गुण काढण्यासाठी मानकगटाचे मध्यमान आणि प्रमाण विचलन या दोन संख्या लागतात. मध्यमान म्हणजे गटाची सरासरी. प्रमाण विचलन हे गटातील गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप होय. सूत्र असे :

z = (X − M) / SD

येथे X म्हणजे मूळ गुण, M म्हणजे मध्यमान आणि SD म्हणजे प्रमाण विचलन. वरील दोन्ही चाचण्या सातवीच्या २०० विद्यार्थ्यांच्या मानकगटाला दिल्या असून शब्दसंपत्तीचे मध्यमान ४५ व प्रमाण विचलन ६, तर अंकगणिताचे मध्यमान २२ व प्रमाण विचलन ६ आले असे समजू. शब्दसंपत्तीतील प्रमाण गुण (४२ − ४५) ÷ ६ म्हणजे −०.५ होतो, तर अंकगणितातील (३१ − २२) ÷ ६ म्हणजे +१.५ होतो. शेकडेवारीने सुचवलेला निष्कर्ष येथे उलटतो. ही विद्यार्थिनी शब्दसंपत्तीत सरासरीहून किंचित खाली, तर अंकगणितात सरासरीच्या बरीच वर आहे.

ऋण चिन्ह व दशांश टाळण्यासाठी प्रमाण गुण सोयीच्या मापात बदलतात. टी गुणांत मध्यमान ५० व प्रमाण विचलन १० धरतात, त्यामुळे वरील गुण अनुक्रमे ४५ व ६५ होतात. डेव्हिड वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचण्यांत मध्यमान १०० आणि प्रमाण विचलन १५ धरले जाते. माप बदलले तरी गटातील स्थान बदलत नाही.

## शततमक

एखाद्या गुणाखाली मानकगटातील किती टक्के व्यक्ती आहेत, हे शततमक सांगतो. तो मोजून काढता येतो. वरील गटात अंकगणितात ३१ हून कमी गुण मिळवणारे १८० आणि नेमके ३१ मिळवणारे ६ विद्यार्थी असतील, तर प्रचलित रीतीने समान गुण मिळवणाऱ्यांपैकी निम्मे खाली धरतात. (१८० + ३) ÷ २०० यावरून शततमक ९१.५ येतो.

समान गुण मिळवणारे सर्वच खाली धरल्यास उत्तर ९३ येते. भारतातील जेईई मेन परीक्षेत हीच दुसरी रीत वापरतात, म्हणून प्रत्येक सत्रातील सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा शततमक १०० असतो. निरनिराळ्या सत्रांच्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी नसते. त्यामुळे प्रत्येक उमेदवाराची तुलना त्याच्याच सत्रातील उमेदवारांशी केली जाते. सत्रांतील उमेदवारांचे गट गुणवत्तेने जवळपास सारखे आहेत, हे त्यामागील गृहीतक होय. ते खरे नसेल तर सबळ गटात बसलेल्या उमेदवारावर अन्याय होतो.

गुणांचे वितरण प्रसामान्य असेल, म्हणजे त्याचा आलेख घंटेच्या आकाराचा असेल, तर शततमक प्रमाण गुणावरून तक्त्याद्वारे मिळतो. −०.५ साठी तो सुमारे ३१ आणि +१.५ साठी सुमारे ९३ असतो.

शततमकांमधील अंतरे समान नसतात. वरील अंकगणिताच्या चाचणीत गुण २२ वरून २५ झाले, तर शततमक ५० वरून सुमारे ६९ वर जातो. तेच तीन गुण ३४ वरून ३७ असे वाढले, तर शततमक ९७.७ वरून केवळ ९९.४ होतो. याचे कारण असे की मध्यभागी विद्यार्थ्यांची दाटी असते आणि टोकाला ते विरळ असतात. म्हणून शततमकांची सरासरी काढणे किंवा दोन शततमकांतील फरक हा प्रगतीचे माप मानणे चुकीचे ठरते.

## मानकगटाची निवड

गट बदलला की अर्थ बदलतो. त्याच विद्यार्थिनीचे ३१ गुण शिष्यवृत्ती परीक्षेसाठी निवडलेल्या गटाशी ताडून पाहिले आणि त्या गटाचे मध्यमान ३० व प्रमाण विचलन ५ असले, तर प्रमाण गुण ०.२ आणि शततमक सुमारे ५८ एवढाच येतो. गटाचा उल्लेख नसलेला शततमक त्यामुळे अपुरा असतो. गट लहान असल्यास शततमक स्थिर राहत नाही. तीस मुलांच्या वर्गात एका मुलाने मागेपुढे होताच तो तीनहून अधिक अंकांनी बदलतो.

मानके कालांतराने जुनीही होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत बुद्धिमापन चाचण्यांवरील कामगिरी दर दशकात सुमारे तीन गुणांकांनी वाढत होती. बौद्धिक अक्षमतेसाठी साधारणपणे ७० हा बुद्ध्यंक, म्हणजे −२ हा प्रमाण गुण, सीमारेषा धरतात. मानके अशा रीतीने शिथिल झाली असल्यास आजच्या मानकांनुसार ६८ बुद्ध्यंक असलेल्या मुलाला जुन्या मानकांनुसार ७३ मिळू शकतात, आणि गरज असूनही साहाय्य नाकारले जाऊ शकते. मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी वि. वि. कामत यांनी बिने चाचणीचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या जुन्या मानकांवरून आजच्या मुलाचा गुण ठरवताना हाच प्रश्न उपस्थित होतो.

## वितरणाचा आकार

मूळ गुणांचे प्रमाण गुणांत रूपांतर केल्याने वितरण प्रसामान्य होत नाही. वजाबाकी व भागाकाराने मोजपट्टी बदलते, आलेखाचा आकार तोच राहतो. सोप्या चाचणीत २० पैकी मध्यमान १७ आणि प्रमाण विचलन ३ असेल, तर पूर्ण गुण मिळवणाऱ्याचाही प्रमाण गुण +१ च येतो, आणि वरच्या टोकाला गोळा झालेल्या विद्यार्थ्यांतील भेद दिसत नाही. मध्यमानात प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवली असता बेरीज कमाल गुणांच्या पलीकडे जाते, ही याची सोपी खूण होय. अशा वेळी प्रसामान्य वक्राच्या तक्त्यावरून शततमक काढू नये, तो प्रत्यक्ष मोजून काढावा.