अनुदान-आवाहनातील अंदाजपत्रकाचे नियम

अनुदान-आवाहनातील अंदाजपत्रकाचे नियम म्हणजे शासन, कंपनी किंवा विदेशी देणगीदार एखाद्या योजनेसाठी प्रस्ताव मागवताना खर्चाच्या संदर्भात घालून देतो त्या अटी. कोणता खर्च ग्राह्य धरला जाईल, कोणत्या शीर्षाला किती मर्यादा आहे आणि हिशेब कोणत्या नमुन्यात, केव्हा सादर करायचा, हे या अटींवरून ठरते. स्वतंत्र लेखाविभाग नसलेल्या लहान सेवाभावी संस्थांना या अटी प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच वाचाव्या लागतात. मंजुरीनंतर अग्राह्य ठरलेली रक्कम संस्थेला स्वतःच्या निधीतून भरावी लागते. या लेखात मुख्यतः भारत सरकारच्या सहायक अनुदानाचा विचार केला असून, अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुक्यातील एका कल्पित संस्थेच्या उदाहरणावरून तो स्पष्ट केला आहे.

## नियमांचा आधार

केंद्र सरकारच्या अनुदानांना *सामान्य वित्तीय नियमावली, २०१७* लागू होते. नियमावलीतील तरतुदी सर्व योजनांना समान असतात. आवाहनात त्यांखेरीज त्या योजनेच्या विशेष अटी असतात. त्यामुळे आवाहन, योजनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि मंजुरी-आदेश हे तिन्ही दस्तऐवज एकत्र वाचावे लागतात. मंजुरी-आदेशात मूळ प्रस्तावातील एखादी रक्कम कमी केलेली असल्यास खर्च आदेशाप्रमाणेच करावा लागतो.

अनुदान तीन घटकांत विभागलेले असते : सर्वसाधारण, वेतन आणि भांडवली मालमत्तेची निर्मिती. उपयोगिता प्रमाणपत्राच्या ‘जीएफआर १२-ए’ या नमुन्यातही खर्च याच तीन घटकांनुसार वेगवेगळा दाखवावा लागतो. म्हणून यंत्रखरेदीत वाचलेले पैसे परवानगीशिवाय मानधनावर खर्च करता येत नाहीत.

## ग्राह्य खर्चाच्या कसोट्या

खर्च ग्राह्य ठरण्यासाठी साधारणतः चार गोष्टी पाहिल्या जातात. तो मंजूर उद्दिष्टासाठी झालेला असावा, मंजूर कालावधीत झालेला असावा, मंजूर शीर्षाखाली बसणारा असावा आणि त्याला पावती किंवा प्रमाणकाचा आधार असावा. यांपैकी कालावधीची अट सर्वांत जास्त चुकते. मंजुरीपूर्वी केलेली खरेदी, ती कितीही आवश्यक असली तरी, सहसा ग्राह्य धरत नाहीत. मालाचे बिल कालावधीत आले, पण रक्कम नंतर दिली, असा खर्च ग्राह्य आहे की नाही हे योजनेच्या अटींवर अवलंबून असते; अटी मौन असतील तर लेखी खुलासा मागवावा लागतो.

संस्थेच्या स्वतःच्या इमारतीचे ‘भाडे’ बहुधा ग्राह्य नसते, कारण त्यापोटी कोणालाही रक्कम दिली गेलेली नसते. एकच कर्मचारी अनेक कामे करीत असेल तर त्याच्या मानधनाचा प्रकल्पाला लागू असलेला भागच दाखवता येतो, आणि त्यासाठी कामाच्या वेळेची नोंद ठेवावी लागते.

## प्रशासकीय खर्चाचे तीन अर्थ

‘प्रशासकीय खर्च’ हा शब्द निधीच्या उगमाप्रमाणे वेगवेगळ्या अर्थाने येतो. शासकीय योजनेत त्याची मर्यादा त्या योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेली असते. *विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१०* मध्ये २०२० साली झालेल्या दुरुस्तीने विदेशी निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्या अधिनियमाच्या नियमांनुसार रुग्णालयातील डॉक्टरांचे किंवा शाळेतील शिक्षकांचे वेतन प्रशासकीय धरले जात नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत आढळणारी ५ टक्क्यांची मर्यादा मात्र कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागू आहे. संस्थेच्या प्रत्येक प्रस्तावावर ती आपोआप येते, हा गैरसमज आहे. कंपनी करारात वेगळी मर्यादा घालू शकते.

## उदाहरण

बार्शीटाकळी येथील एक संस्था महान आणि पिंजर या दोन गावांत महिलांसाठी नऊ महिन्यांचे शिवणकाम-प्रशिक्षण घेऊ इच्छिते, असे समजू. आवाहनात दोन अटी आहेत : एकूण प्रकल्पखर्चाच्या १० टक्के वाटा संस्थेने रोख उचलावा, आणि प्रशासकीय खर्च अनुदानाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावा. संस्थेचे अंदाजपत्रक असे आहे :

| बाब | रक्कम (रुपये) |
|---|---|
| शिलाई यंत्रे, १० × ९,००० | ९०,००० |
| दोन प्रशिक्षकांचे मानधन, २ × १५,००० × ९ | २,७०,००० |
| दोन केंद्रांचे भाडे, २ × ६,००० × ९ | १,०८,००० |
| कापड, धागे व प्रशिक्षणार्थींचा प्रवासभत्ता | ३,६१,००० |
| समन्वयकाचे मानधन (अर्धवेळ), ९,००० × ९ | ८१,००० |
| प्रशासकीय खर्च | ९०,००० |
| एकूण | १०,००,००० |

संस्थेचा वाटा १,००,००० रुपये असून अनुदान ९,००,००० रुपये आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा अनुदानावर मोजायची असल्याने ती ९०,००० होते; ती १० लाखांवर मोजल्यास १०,००० रुपये जास्त दाखवले जातील. काही आवाहनांत ‘प्रत्यक्ष कार्यक्रमखर्चाच्या १० टक्के’ असे शब्द असतात. तेव्हा ९ लाखांतून प्रशासकीय भाग ८१,८१८ रुपयेच निघतो, कारण टक्केवारी उरलेल्या ८,१८,१८२ रुपयांवर मोजली जाते.

खरी जोखीम समन्वयकाच्या शीर्षात आहे. संस्थेने त्याला कार्यक्रमखर्चात दाखवले आहे. आवाहनाच्या व्याख्येत समन्वयक प्रशासकीय असेल, तर प्रशासकीय खर्च १,७१,००० होऊन मर्यादेपेक्षा ८१,००० रुपयांनी अधिक ठरतो. वर्षअखेरीस हे उघड झाले तर तेवढा भार संस्थेवर पडतो. प्रस्तावापूर्वी लेखी विचारणा केल्यास अंदाजपत्रक वेळीच बदलता येते.

## हिशेब व अहवाल

नियमावलीच्या नियम २३८ नुसार अनावर्ती अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र ज्या आर्थिक वर्षातील अनुदान असेल ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते; योजनेत याहून कमी मुदत असू शकते. प्रमाणपत्रात रकमेबरोबर ठरलेली भौतिक उद्दिष्टे गाठली की नाही, हेही नमूद करावे लागते. म्हणून हजेरीपट, यंत्रांची साठा-नोंदवही आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांची यादी ही हिशेबाचीच कागदपत्रे ठरतात. अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही.

वरील संस्थेला यंत्रे प्रत्येकी ७,८०० रुपयांना मिळाली आणि कापड-साहित्यात २६,००० रुपये वाचले, तर एकूण ३८,००० रुपये अखर्चित राहतात. बँकेत अनुदानावर ६,४०० रुपये व्याज जमा झाले, असेही धरू. नियम २३० (८) प्रमाणे हे व्याज हिशेब अंतिम होताच भारताच्या संचित निधीत भरावे लागते. ते कार्यक्रमावर खर्च करणे किंवा संस्थेचे उत्पन्न मानणे नियमबाह्य आहे. अखर्चित रक्कम वेगळी दाखवून परत करावी लागते किंवा परवानगीने पुढील हप्त्यात समायोजित होते. अनुदानासाठी स्वतंत्र बँकखाते उघडल्यास व्याजाचा आकडा बँकेच्या उताऱ्यावरूनच मिळतो.

अटींचा भंग झाल्यास रक्कम १० टक्के वार्षिक व्याजासह परत करण्याची जबाबदारी बंधपत्रावर सही करणाऱ्यांवर संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या येते. याशिवाय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला *महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०* नुसार लेखापरीक्षित वार्षिक हिशेब वेगळा सादर करावा लागतो. उपयोगिता प्रमाणपत्रातील आणि या हिशेबातील आकडे जुळत नसतील, तर तपासणीत पहिली शंका तेथेच निघते.

## हेही पाहा

* उपयोगिता प्रमाणपत्र
* सार्वजनिक न्यास
* बार्शीटाकळी तालुका