सोन्याच्या परताव्यातील अस्थिरता-समूहन

अस्थिरता-समूहन म्हणजे बाजारभावातील मोठे आणि लहान चढउतार काळाच्या ओघात सरमिसळ न होता आपापल्या गटांत एकत्र येण्याचा गुणधर्म होय. सोन्याच्या दैनिक परताव्यात, म्हणजेच भावातील रोजच्या टक्केवारी बदलात, तो ठळकपणे आढळतो. बेन्वा मांडेलब्रो यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांच्या अभ्यासात या गुणधर्माकडे लक्ष वेधले. त्याचे गणिती वर्णन करणारे 'आर्च' प्रतिमान रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये, तर त्याचे व्यापक रूप असलेले 'गार्च' प्रतिमान टिम बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये मांडले.

स्वरूप

सोन्याचा भाव आज वाढला यावरून तो उद्या वाढेल की पडेल हे जवळजवळ काहीच कळत नाही. लागोपाठच्या परताव्यांमधील सहसंबंध शून्याच्या आसपास असतो. परंतु चिन्ह सोडून केवळ आकार पाहिला, म्हणजे परताव्यांचे वर्ग घेतले, तर त्यांच्यातील सहसंबंध धन निघतो आणि अनेक आठवडे टिकतो. दिशेचा अंदाज येत नाही, हालचालीच्या आकाराचा मात्र काही प्रमाणात येतो. गार्च प्रतिमान या दुसऱ्या गोष्टीपुरतेच आहे.

प्रतिमान

प्रमाण विचलनाच्या वर्गाला प्रचरण म्हणतात. गार्चच्या सर्वांत साध्या आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रूपात आजचे अपेक्षित प्रचरण असे काढतात:

σ²ₜ = ω + α·ε²ₜ₋₁ + β·σ²ₜ₋₁

येथे ε हा कालच्या परताव्यातील अनपेक्षित भाग, म्हणजे धक्का होय. α हा प्राचल ताज्या धक्क्याला किती वजन द्यायचे ते ठरवतो, तर β कालच्या अंदाजाची किती स्मृती ठेवायची ते ठरवतो. या दोहोंची बेरीज १ पेक्षा कमी असली, तर प्रचरण कालांतराने आपल्या दीर्घकालीन सरासरीकडे, म्हणजे ω/(1−α−β) या मूल्याकडे, परतते. बेरीज १ च्या जितकी जवळ, तितकी वादळी अवस्था ओसरायला अधिक वेळ लागतो.

उदाहरण : एप्रिल २०१३

शुक्रवार, १२ एप्रिल २०१३ रोजी सोन्याचा डॉलरमधील भाव सुमारे ५ टक्के आणि सोमवार, १५ एप्रिल रोजी आणखी सुमारे ९ टक्के कोसळला. समजण्यासाठी α = ०.०५, β = ०.९४ आणि ω = ०.०१ असे प्राचल धरू; त्यांनुसार दीर्घकालीन प्रचरण १, म्हणजे दैनिक प्रमाण विचलन १ टक्का होते. शुक्रवारपूर्वी बाजार याच सरासरीवर होता असे मानल्यास सोमवारसाठीचे प्रचरण ०.०१ + ०.०५ × २५ + ०.९४ × १ = २.२० येते आणि प्रमाण विचलन सुमारे १.५ टक्के होते. सोमवारच्या घसरणीनंतर मंगळवारसाठीचे प्रचरण ०.०१ + ०.०५ × ८१ + ०.९४ × २.२० = ६.१३ येते, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे २.५ टक्के. दोन दिवसांत अपेक्षित अस्थिरता अडीच पट झाली.

पुढे नवे मोठे धक्के बसले नाहीत, तर सरासरीपेक्षा जास्त असलेला प्रचरणाचा भाग रोज केवळ एक टक्क्याने घटेल असे अपेक्षित असते. तो निम्मा होण्यास सुमारे ६९ व्यवहार-दिवस, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. वादळ दोन दिवसांत येते आणि निवळायला महिने घेते, ही विषमता सूत्रातूनच निघते.

मर्यादा

याच गणितात प्रतिमानाची उणीवही दिसते. शुक्रवारचा धक्का त्याला आधी कळत नाही. आणि तो विचारात घेतल्यानंतरही सोमवारची घसरण अपेक्षित प्रमाण विचलनाच्या सुमारे सहा पट ठरते. प्रसामान्य वितरणानुसार असा दिवस व्यवहारतः अशक्यच. म्हणून सोन्यासाठी गार्च वापरताना अधिक जाड शेपटीचे, बहुधा स्टुडंटचे टी-वितरण घेतात.

सूत्रात धक्क्याचा वर्ग असल्याने वाढ आणि घसरण यांचा परिणाम सारखाच धरला जातो. शेअर बाजारात घसरणीनंतर अस्थिरता अधिक वाढते. सोन्याबाबत मात्र अनेक अभ्यासांत उलट चित्र आढळले आहे: भाववाढीनंतरची अस्थिरता जास्त असते, कारण सोन्यातील तेजी पुष्कळदा इतर बाजारांतील भीतीतून येते. हा भेद टिपण्यासाठी गार्चची असममित रूपे वापरतात.

भारतातील रुपयातल्या भावाबाबत आणखी एक अडचण येते. २३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के करण्यात आले आणि देशांतर्गत भाव एकदम खाली आला. ही करबदलामुळे आलेली एकवेळची पायरी होती. साधे गार्च प्रतिमान मात्र तिला बाजारातील खळबळ समजते आणि पुढील कित्येक आठवड्यांची अस्थिरता फुगवून दाखवते. अशी चूक ओळखण्यासाठी प्रत्येक दिवसाचा धक्का त्या दिवसाच्या अपेक्षित प्रमाण विचलनाने भागून पाहतात. एका अवाढव्य मूल्यानंतर लागोपाठ अनेक मूल्ये नेहमीपेक्षा लहान आली, तर त्या दिवसासाठी समीकरणात वेगळे चल घालणे किंवा आधीच शुल्काचा परिणाम भावातून वजा करणे योग्य ठरते.