फोटोच्या पत्त्याची कुळकथा

फेब्रुवारी १९९३मध्ये मार्क अँड्रीसनने वेबपानांसाठी `<img>` हा टॅग सुचवला. त्यात चित्र नसते, चित्राचा पत्ता असतो. पान एका सर्व्हरवर आणि चित्र दुसऱ्याच कुणाच्या, अशी सोय त्यामुळे झाली. ऑनलाइन विक्रेत्यांचे फोटो गायब होतात, त्याचे मूळही याच सोयीत आहे.

१९९५मध्ये ईबे सुरू झाली तेव्हा फोटो ठेवायची जबाबदारी विक्रेत्याचीच होती. तो मिळेल त्या फुकट जागेवर फोटो चढवायचा आणि वस्तूच्या वर्णनात पत्ता चिकटवायचा. पुढे अनेकांनी फोटोबकेट ही सेवा धरली. जून २०१७च्या अखेरीस तिने अटी बदलल्या: फोटो दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवायचे असतील तर वर्षाला सुमारे ४०० डॉलर. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या चालू लिस्टिंगमध्ये वस्तूच्या जागी खाते वाढवण्याची सूचना झळकू लागली. विक्रेत्यांनी स्वतः काहीच बदललेले नव्हते, आणि हा घाव मला म्हणूनच फार अन्यायाचा वाटतो.

शेकडो वस्तू एकदम चढवण्याच्या एक्सेल-सीएसव्ही शीटनेही हाच वारसा घेतला. फोटोच्या रकान्यात पत्ताच लिहायचा. शीट चढल्यावर बाजारपेठेचे यंत्र त्या पत्त्यावर जाऊन फोटो आणते, आणि बहुतेक मोठ्या बाजारपेठा आता स्वतःची प्रत ठेवतात. पण ते यंत्र तुमच्या खात्यात लॉगिन करत नाही. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक दिली, तर फोटो खासगी असल्यास त्याला लॉगिनचे पान मिळते आणि सर्वांसाठी खुला असला तरी फोटो दाखवणारे पान मिळते. फाइल हाती येत नाही, म्हणून ओळ नापास होते. तुम्हाला मात्र ब्राउझरमध्ये फोटो व्यवस्थित दिसत असतो, त्यामुळे चूक सापडत नाही.

शीट चढवण्याआधी एक पत्ता असा तपासावा:

```
curl -I https://img.example.com/KP102_1.jpg
HTTP/2 200
content-type: image/jpeg
```

इथे `text/html` आले तर तो पत्ता फोटोचा नाही, पानाचा आहे. `403` आले तर सर्व्हरने परवानगी नाकारली आहे.

स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता सर्वांत टिकाऊ. होस्टिंग कंपनी बदलली तरी फाइली त्याच नावांनी नव्या जागी हलवता येतात आणि `img.example.com` तिकडे वळवता येते. शीटमधली एकही ओळ बदलावी लागत नाही.

फोटो बदलायचा असेल तर जुन्या नावावर नवी फाइल चढवू नये, कारण पत्ता तोच दिसल्यावर यंत्र पुष्कळदा फोटो पुन्हा आणतच नाही. `KP102_1_v2.jpg` असे नवे नाव देऊन शीटमध्ये तेच भरावे. जुनी फाइल मात्र लगेच पुसू नये. वर्णनात चिकटवलेल्या फोटोची प्रत बाजारपेठेकडे असतेच असे नाही, आणि एखादी जुनी लिस्टिंग अजून त्याच पत्त्यावरून फोटो मागत असते.